‘पकडतो’ की ‘पकडवतो’? ‘शोले’मधल्या भूमिका कशा शोधाव्यात

प्रश्न: एम.ए.च्या चित्रपट-अभ्यासाच्या पेपरसाठी ‘शोले’चं संरचनावादी विश्लेषण लिहिलं. जय-वीरू नायक, गब्बर खलनायक, ठाकूर आणि बसंती साहाय्यक अशी विभागणी केली आणि प्रत्येकाबद्दल एकेक परिच्छेद लिहिला. मार्गदर्शकांनी शेरा मारला, “ही पात्रांची यादी झाली, विश्लेषण कुठंय?” नेमकं काय करायला हवं होतं?

उत्तर:

शेरा बरोबर आहे. तुमची सगळी गडबड पहिल्याच पायरीवर झाली आहे: तुम्ही भूमिका माणसांना वाटून टाकल्या. या पद्धतीत भूमिका माणसाची नसते, कृतीची असते. आधी कृती ओळीनं मांडायच्या, त्या कथेत काय काम करतात ते ठरवायचं आणि मग कोणती कृती कोणाच्या हातून घडते ते पाहायचं. पात्रांपासून सुरुवात केली की पोस्टरवर ज्याचा चेहरा मोठा तो नायक, असंच उत्तर येतं. त्यासाठी संरचनावाद कशाला हवा?

लोककथांचा अभ्यासक व्लादिमीर प्रॉपनं १९२८मध्ये रशियन परीकथांचा जो अभ्यास छापला, त्याचा पाया एवढाच होता. अफनास्येव या लोककथा-संग्राहकाच्या संग्रहातल्या शंभर कथा त्यानं घेतल्या. एका कथेत राजा नायकाला गरुड देतो आणि गरुड त्याला दुसऱ्या राज्यात नेतो. दुसरीत म्हातारा घोडा देतो, तिसरीत मांत्रिक होडी देतो. देणारा बदलला, वस्तू बदलली, पण कथेतलं काम तेच राहिलं. या कामाला प्रॉप ‘फंक्शन’ म्हणतो. आपण ‘कार्य’ म्हणू. अशी ३१ कार्यं त्याला सापडली आणि ती सात क्षेत्रांत विभागलेली दिसली: खलनायक, दाता, साहाय्यक, राजकन्या आणि तिचा पिता, पाठवणारा, नायक आणि तोतया नायक. ‘क्षेत्र’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. एक पात्र दोन-तीन क्षेत्रांत वावरू शकतं आणि एकच क्षेत्र दोन-तीन पात्रांत वाटलं जाऊ शकतं. ‘शोले’त या दोन्ही गोष्टी घडतात, आणि नेमक्या तिथेच तुमची यादी तोकडी पडते.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. पहिली पायरी म्हणजे कथा सरळ करणे. ‘शोले’ ठाकूरनं जय-वीरूंचा शोध सुरू करण्यापासून उघडतो. आगगाडीतली लढाई पूर्वकथनात येते, आणि ठाकूरच्या कुटुंबाची हत्या तर चित्रपट बराच पुढे गेल्यावर. पडद्यावरचा क्रम बाजूला ठेवून घटना ज्या क्रमानं घडल्या त्या क्रमानं लिहा. प्रत्येक घटनेला एक वाक्य, वाक्यात एक मुख्य क्रियापद, नावं अजिबात नकोत. नावांऐवजी अक्षरं वापरा, कारण ‘गब्बर’ लिहिलं की अमजद खान डोळ्यांपुढे उभा राहतो आणि ‘खलनायक’ हे उत्तर आधीच ठरून जातं. बारा ते पंधरा वाक्यं पुरतात. तीस-चाळीस झाली तर तुम्ही कार्यं लिहीत नाही आहात, प्रसंग लिहीत आहात.

१. अ हा ब ला पकडून तुरुंगात टाकतो.
२. ब सुटतो आणि अ च्या कुटुंबाला मारतो.
३. अ बदला घ्यायला जातो; ब त्याचे हात तोडतो.
४. अ हा क आणि ड यांना पैशावर नेमतो: ब ला जिवंत आणून द्या.
५. अ त्यांचं बळ पारखतो. ते कसोटीला उतरतात.
६. क आणि ड हे ब च्या माणसांना गावातून हाकलतात.
७. ब गावावर चालून येतो. अ मदत करत नाही. क आणि ड कसेबसे हल्ला परतवतात.
८. क आणि ड काम सोडू पाहतात. अ आपले हात नसल्याचं उघड करतो. ते पैसे परत करून तेच काम पुन्हा पत्करतात.
९. ब गावातल्या एका तरुणाला मारतो; गाव क आणि ड यांना नकोसं म्हणतं; तरुणाचा बाप गावाला सावरतो.
१०. ब हा ड ला आणि इ ला पकडतो. इ नाचून ड चा जीव राखते. क दोघांना सोडवतो.
११. क मागे थांबतो आणि मरतो.
१२. ड हा ब ला पकडतो आणि अ च्या हवाली करतो.
१३. अ हा ब ला शिक्षा करतो, किंवा करता करता थांबवला जातो.

(आगगाडीत क आणि ड हे अ चा जीव वाचवतात, ते दुसऱ्या वाक्याच्या आधी कुठेही बसेल. पहिल्या वाक्याच्या आधी की नंतर, यानं पुढचं काहीच बदलत नाही. अशा घटनेची जागा ठरवत बसण्यात वेळ घालवू नका.)

ही तेरा वाक्यं कोणाला दाखवा आणि विचारा, यात गोष्ट कोणाची आहे? ती अ पासून सुरू होते आणि अ वरच संपते. क आणि ड चौथ्या वाक्यात येतात, तेही कोणीतरी नेमल्यामुळे. म्हणजे तुम्ही ज्याला साहाय्यक म्हटलंत, त्याच्याच नुकसानीवर सबंध कथानक उभं आहे. मात्र म्हणून सरळ उलटी चूक करून ‘ठाकूर नायक, जय-वीरू साहाय्यक’ असंही लिहू नका. हा चित्रपट या दोन उत्तरांमध्येच ताणलेला आहे, आणि त्या ताणाचं वर्णन म्हणजे तुमचं विश्लेषण.

दुसरी पायरी, कार्यांची नावं लावणे. प्रॉपच्या यादीत आठवं कार्य खलकृत्याचं असतं. त्याच्या जोडीला पर्याय म्हणून ‘उणीव’ येते. इथे दोन्ही एकत्र आहेत: हत्या हे खलकृत्य आणि तुटलेले हात ही उणीव. नववं कार्य म्हणजे ही उणीव कोणाच्या तरी कानावर जाते आणि त्याला पाठवलं जातं. ते चौथ्या वाक्यात आहे. दहावं, पत्करणं. अकरावं, निघणं. बारावं आणि तेरावं, दात्याची परीक्षा आणि नायकाचा प्रतिसाद: रामगढला पोचल्यावर ठाकूर आपली माणसं त्यांच्या अंगावर घालतो ती उघड परीक्षा, आणि रात्री तिजोरीपाशी राधा समोर येऊन उभी राहते ती न सांगता झालेली परीक्षा. पहिल्या परीक्षेत त्यांचं बळ तपासलं जातं, दुसरीत नियत. सोळावं झुंजीचं, अठरावं विजयाचं, एकविसावं आणि बाविसावं पाठलागाचं व सुटकेचं, पंचविसावं-सव्विसावं अवघड कामगिरीचं व ती पार पाडण्याचं, तिसावं शिक्षेचं, एकतिसावं लग्नाचं.

एकतीसच्या एकतीस कार्यं भरायचा हट्ट धरू नका. प्रॉपच्या कथांमध्येही ती सगळी एकदम येत नाहीत. त्याचा दावा क्रमाबद्दल आहे: जी कार्यं येतील ती साधारण याच क्रमानं येतील. ‘शोले’त चौदावं कार्य, म्हणजे जादूची वस्तू मिळणं, मोकळंच राहतं. ते रिकामं राहू द्या. रिकाम्या जागाही माहिती देतात. ओढूनताणून बंदुकीला जादूची वस्तू म्हटलं तर पद्धत वापरल्यासारखं दिसेल, पण हाती काही लागणार नाही.

जादूच्या वस्तूसारखी दिसणारी एक चीज मात्र आहे: जयचं नाणं. निर्णय घ्यायचा असला की तो नाणं उडवतो. जखमी ठाकूरला वाचवायचं की पळून जायचं, हे आगगाडीत नाण्यानं ठरवलं. पुलापाशी मागे कोण थांबणार, हेही नाण्यानंच. जय गेल्यावर वीरूला कळतं की नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्याच आहेत. प्रॉपच्या तक्त्यात ही वस्तू कुठेच नीट बसत नाही, कारण ती कोणी दिलेली नाही आणि तिच्यात शक्तीही नाही. तिचं काम कळायला ग्रेमासची मांडणी लागते.

ए. जे. ग्रेमास हा लिथुआनियन वंशाचा, फ्रेंचमध्ये लिहिणारा अभ्यासक. १९६६मध्ये त्यानं प्रॉपची सात क्षेत्रं आवळून सहा केली आणि जोड्यांत मांडली. कर्ता आणि त्याला हवी असलेली वस्तू ही इच्छेची जोडी. पाठवणारा आणि ज्याच्या पदरात फळ पडतं तो, ही देण्याघेण्याची जोडी. साहाय्यक आणि विरोधक ही बळाची जोडी. या सहा जागांना तो ‘ॲक्टंट’ म्हणतो. ही कल्पना त्यानं तेनिएर या व्याकरणकाराच्या वाक्यरचनेवरून उचलली, आणि म्हणूनच आपल्याला ती समजायला सोपी आहे. शाळेत विभक्तीचे कारकार्थ शिकलो, कर्ता, कर्म, करण, संप्रदान, तसंच हे. ‘सुरीने’ हे करण आहे, ते सुरी या वस्तूच्या अंगचं नाही, त्या वाक्यातलं आहे. दुसऱ्या वाक्यात तीच सुरी कर्म होते. पात्रांचंही तसंच.

आता एक वाक्य मराठीत म्हणून पाहा: ‘ठाकूर गब्बरला पकडतो.’ हे आपल्या यादीतलं पहिलं वाक्य, हात असतानाचं. हात गेल्यावर काय होतं? ‘ठाकूरच्याने गब्बरला पकडवत नाही.’ हे शक्य क्रियापद. म्हणून तो काय करतो? ‘ठाकूर जय-वीरूंकडून गब्बरला पकडवतो.’ हे प्रयोजक. दोन्ही ठिकाणी धातूला तोच ‘व’ लागला. मराठीत असमर्थता आणि दुसऱ्याकडून करवून घेणं यांना एकच प्रत्यय चालतो, आणि ‘शोले’चं कथानक अक्षरशः या दोन वाक्यांमधलं आहे. ज्याच्याने करवत नाही, तो करवतो. प्रयोजक वाक्यात कर्ते दोन असतात, एक करवणारा आणि एक प्रत्यक्ष करणारा. ‘नायक कोण’ या प्रश्नावर लोकांचं एकमत का होत नाही, याचं कारण इथे आहे.

प्रॉपलाही हा पेच दिसला होता. नायक दोन प्रकारचे असतात असं तो सांगतो: एक शोधायला निघणारा, दुसरा ज्याच्यावर आपत्ती कोसळली आहे तो. मात्र त्याच्या कथा या दोघांपैकी एकाचाच माग धरतात, दोघांचा एकदम नाही. मुलगी पळवली गेली आणि भाऊ तिला शोधायला निघाला तर कथा भावाची. मुलीबरोबरच कथा गेली तर ती मुलीची. ‘शोले’ दोघांचाही माग धरतो. ठाकूर आपद्ग्रस्त, जय-वीरू शोधक. परीकथेच्या साच्यातून हा चित्रपट नेमका इथे बाहेर पडतो, आणि तुमच्या निबंधाचा मध्यबिंदू इथेच हवा. साचा कुठे जुळतो यापेक्षा तो कुठे मोडतो हे सांगणं जास्त मोलाचं असतं.

तिसरी पायरी: सहा जागा एकदाच भरू नका, कथेच्या प्रत्येक वळणावर पुन्हा भरा. सगळ्या चित्रपटासाठी मिळून एकच तक्ता करणं, ही दुसरी मोठी चूक. प्रॉप एका खलकृत्यापासून त्याच्या निवारणापर्यंतच्या टप्प्याला ‘चाल’ म्हणतो आणि एका कथेत अशा अनेक चाली असू शकतात. ‘शोले’त मला निदान तीन वेळा तक्ता बदलावा लागतो.

पहिल्यांदा, चौथ्या वाक्यात. पाठवणारा ठाकूर. कर्ता जय-वीरू. वस्तू वरवर गब्बर, पण त्यांच्यापुरती वस्तू म्हणजे पैसा. फळ पदरात पडणार ते त्यांच्याच. सरकारनं गब्बरवर पन्नास हजारांचं इनाम लावलेलं आहे, म्हणजे त्याच्या जिवाला आधीच किंमत ठरलेली आहे. हा करार नोकरीचा आहे, आणि नोकरी सोडता येते.

ती सोडण्याची वेळ होळीच्या हल्ल्यानंतर येते. हा प्रसंग बारकाईनं पाहा, कारण भूमिकांच्या दृष्टीनं सर्वांत श्रीमंत प्रसंग तोच आहे. बंदूक ठाकूरच्या पायाशी पडलेली आहे. जय-वीरू अडचणीत आहेत. ठाकूर ती उचलून देत नाही. त्या क्षणी आपल्या लेखी तो अपयशी साहाय्यक ठरतो, मदतीची वेळ आली आणि त्यानं मदत केली नाही. वीरू नेमका हाच आरोप करतो. मग पूर्वकथन येतं, शाल खाली पडते, आणि त्याच न उचललेल्या बंदुकीचा अर्थ बदलतो. तो मदत नाकारत नव्हता, त्याच्याने ते करवतच नव्हतं. एका क्षणात ठाकूर साहाय्यकाच्या जागेवरून उठून आपद्ग्रस्त कर्त्याच्या जागी जाऊन बसतो. हत्येची हकिकत चित्रपटानं इतकी उशिरा का ठेवली, याचं संरचनेतलं कारण हे. ती सुरुवातीलाच दाखवली असती तर होळीच्या प्रसंगात भूमिका बदलायला जागाच उरली नसती. क्रम सरळ करून घेणं आवश्यक असतं, पण सरळ क्रम आणि पडद्यावरचा क्रम यांतला फरकही शेवटी निबंधात परत आणावा लागतो. तो तिथेच सोडून दिला की विश्लेषण कथेचं होतं, चित्रपटाचं होत नाही.

त्यानंतर तक्ता दुसऱ्यांदा भरा. जय-वीरू पैसे परत करतात. पाठवणारा अजूनही ठाकूर, पण आता तो मालक नाही. फळ त्यांच्या पदरी पडायचं नाही, ठाकूरच्या आणि गावाच्या पदरी पडायचं आहे. वस्तू म्हणजे खराखुरा गब्बर, जिवंत. नोकरीचा शब्द वचनाचा झाला. आणि इथे एक नाजूक गोष्ट घडते: जय-वीरू ठाकूरचे हात होतात. गब्बरनं हातच मागितले होते. ठाकूरनं चार हात आणले. साहाय्यक हा शब्द या चित्रपटात अक्षरशः शरीराला जोडलेला आहे.

गावाची जागाही तपासा. आंधळ्या इमामसाहेबांच्या मुलाला, अहमदला, गब्बर मारतो तेव्हा गाव जय-वीरूंना नको म्हणू लागतं. ज्याच्यासाठी सगळं चाललंय तोच फळ नाकारतो, म्हणजे फळ घेणारा विरोधकाच्या जागेकडे सरकतो. त्याला परत आणतो तो ज्याचं सर्वांत जास्त गेलं तो बाप. हे काम साहाय्यकाचं. या एकाच कृतीपुरते इमामसाहेब साहाय्यक आहेत, बाकी चित्रपटात त्यांना ही जागा देऊ नका.

तिसऱ्यांदा तक्ता बदलतो तो बसंतीच्या नाचाच्या प्रसंगात. तुम्ही बसंतीला साहाय्यक लिहिलंत. टांग्यातून नायकांना रामगढला आणणं हे प्रॉपच्या पंधराव्या कार्यासारखं आहे, नायकाला इष्ट जागी पोचवणं. ते साहाय्यकाच्याच क्षेत्रात येतं, तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. पण वीरूच्या प्रेमकथेत ती राजकन्येच्या क्षेत्रात आहे. आणि गब्बरच्या अड्ड्यावर? वीरू बांधलेला आहे. तिचे पाय चालतील तोवर त्याचा श्वास चालेल, अशी अट आहे. आता हवी असलेली वस्तू म्हणजे वीरूचा जीव, कर्ता बसंती, आणि काचांवरचा नाच ही अवघड कामगिरी. वीरू चक्क कैदेतल्या राजकन्येच्या जागेवर बसला आहे. हे एकदा दिसलं की ‘नायिका’ हा शब्द भूमिकेचं नाव म्हणून किती निरुपयोगी आहे ते कळतं. जाता जाता हेही पाहा, तिथे बसंतीला पायांवर लढावं लागतं, आणि शेवटी ठाकूरलाही. हात आणि पाय असा विरोध चित्रपटभर आहे; मिथकांत विरोधी जोड्या शोधणाऱ्या लेव्ही-स्ट्रॉसच्या अंगानं द्वंद्वं शोधायची असतील तर हे एक पुरेसं आहे.

आता नाण्याकडे परत. जय मागे थांबतो तेव्हा त्याला पाठवणारा कोण? वरवर पाहता नशीब, कारण नाणं पडलं तसं झालं. दोन्ही बाजू सारख्या निघाल्यावर कळतं की पाठवणारा जय स्वतःच होता. नाणं हे पाठवणाऱ्याचा मुखवटा आहे. आणि हा उलगडा मागेही पोचतो: आगगाडीत ठाकूरला वाचवण्याचा निर्णयसुद्धा जयनंच घेतला होता. पैशावर नेमलेला माणूस म्हणून ज्याला आपण तक्त्यात लिहिलं, तो पहिल्यापासून स्वतःच्या मनानं चाललेला होता. ‘शोले’त कोणी निर्विवाद नायकाच्या जागेवर पोचत असेल तर तो इथे, मरताना पोचतो.

गब्बरलाही स्वतंत्र तक्ता द्या. खलनायक हा फक्त अडथळा नसतो, त्याचीही एक इच्छा असते. ग्रेमासच्या भाषेत तो प्रतिकर्ता आहे. गब्बरच्या बाजूनं पाहिलं तर पहिलं वाक्य हे त्याच्यावर झालेलं कृत्य आहे: ठाकूरच्या हातांनी त्याला पकडलं. मग तो सुटतो, आणि ज्या हातांनी पकडलं ते हात घेतो. त्याच्या कथेत हे तिसावं कार्य आहे, शिक्षा. ठाकूरच्या कथेत तेच आठवं आहे, खलकृत्य. एकच कृती दोन कथांत दोन कार्यं करते. यात कोण चांगला, कोण वाईट हे कुठेच आलेलं नाही, आणि येऊही नये. ‘गब्बर क्रूर आहे म्हणून खलनायक’ हे वाक्य निबंधात असेल तर खोडा. ज्याच्या कृतीनं निवडलेल्या कर्त्याची हानी होते तो खलनायक, एवढंच.

चौथी पायरी, परीक्षा. लावलेली नावं खरी की चिकटवलेली, हे कसं ओळखायचं? दोन उपाय आहेत. पहिला वगळून पाहण्याचा. पात्र किंवा प्रसंग काढून टाका. पुढचं वाक्य तरीही घडतं का? सूरमा भोपालीच्या बढाया तोतया नायकाच्या खोट्या दाव्यांसारख्या वाटतात, म्हणून त्याला त्या क्षेत्रात टाकण्याचा मोह होतो. पण तो काढला तर तेरापैकी एकही वाक्य हलत नाही. प्रॉपच्या तोतया नायकाच्या दाव्यामुळे खऱ्या नायकाचं फळ अडतं. इथे काहीच अडत नाही. तेव्हा ‘शोले’त तोतया नायक नाही, असं स्वच्छ लिहा. जेलरचंही तसंच. गंमतीचे प्रसंग निरर्थक आहेत असा याचा अर्थ नाही, ते या पातळीवरचे नाहीत, इतकंच.

दुसरा उपाय बदलून पाहण्याचा. एक घटक बदला आणि बाकीच्यांच्या जागा हलतात का बघा. ‘शोले’च्या अभ्यासकाचं भाग्य असं की हा प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो. चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ला, आणीबाणीच्या काळात, प्रदर्शित झाला आणि सेन्सॉरच्या आग्रहानं शेवट बदलावा लागला: पोलीस येतात, ठाकूरला थांबवतात, गब्बर कायद्याच्या ताब्यात जातो. बाकी बारा वाक्यं तीच, तेराव्याला दोन रूपं. पडताळणीसाठी यापेक्षा चांगली सामग्री मिळायची नाही.

मूळ शेवटात पाठवणारा, कर्ता आणि फळ घेणारा हे तिघं ठाकूरमध्ये एकवटतात. वीरू गब्बरला मारायच्या बेतात असतो. ठाकूर त्याला वचनाची, तीही जयनं दिलेल्या वचनाची, आठवण देतो आणि वीरू बाजूला होतो. प्रत्यक्ष करणारा हटला, करवणारा पुढे आला. पायांनी का होईना, ठाकूरच्याने आता करवतं. ‘पकडवतो’चं ‘मारतो’ झालं, प्रयोजक वाक्य पुन्हा साधं झालं आणि उणीव भरून निघाली.

बदललेल्या शेवटात नेमक्या या क्षणी एक नवा पाठवणारा येतो: कायदा. तो याआधी एकदा येऊन गेला आहे, पहिल्या वाक्यात, आणि दुसऱ्या वाक्यात हरला आहे, कारण गब्बर त्याच तुरुंगातून सुटला होता. आता ठाकूर स्वतःसाठी शिक्षा करणारा राहत नाही, जुन्या पोलीस अधिकाऱ्याच्या जागी परत जातो, आणि कथा जिथून सुरू झाली त्याच वाक्यावर येऊन थांबते: ब ला पकडून तुरुंगात टाकलं जातं. कथानकाच्या दृष्टीनं ही शिक्षा अपुरी वाटते, आणि वाटण्याचं कारण दाखवता येतं: आठवं कार्य हातांचं आणि कुटुंबाचं होतं, तिसावं त्याच्या मापाचं नाही. मूळ शेवटासह पुनरुज्जीवित केलेली प्रत २०२५मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. दोन्ही शेवट शेजारी ठेवून हा परिच्छेद लिहा, मार्गदर्शकांना हवं असलेलं विश्लेषण त्यातच सापडेल.

एकतिसावं कार्य थोडक्यात. परीकथेत नायकाला राजकन्या आणि राज्य मिळतं. इथे नायकाची जागा दोघांत वाटलेली, म्हणून लग्नही दुभंगतं: वीरूला बसंती मिळते, जय आणि राधा यांचं होता होता राहतं. राज्य तर कोणालाच मिळत नाही. वीरू गाडीत बसून निघून जातो. शोधक बाहेरून आला, बाहेर गेला. गाव आपद्ग्रस्ताचं होतं, त्याच्याकडेच राहिलं. दोन नायकांचा हिशेब असा फिटतो.

राधाबद्दल मात्र ही पद्धत एका मर्यादेपर्यंतच बोलते. लग्नाचं कार्य अडलं, हे ती दाखवते. विधवेच्या पुनर्विवाहाचा प्रस्ताव मांडून, सासऱ्याची संमतीही दाखवून, कथानकानं तो माणूसच का काढून घेतला, हे तक्त्यात येत नाही. त्यासाठी १९७०च्या दशकातला प्रेक्षक आणि हिंदी चित्रपटाचे संकेत यांच्याकडे जावं लागेल. तसंच, सात क्षेत्रं शंभर रशियन परीकथांतून निघालेली आहेत. कुठल्याही चित्रपटाला ती लागू पडली तर त्यात आश्चर्य नाही, कारण ‘कोणाचं तरी काही बिघडतं आणि कोणीतरी ते सुधारायला निघतं’ हे जवळजवळ प्रत्येक गोष्टीबद्दल म्हणता येतं. डेव्हिड बोर्डवेल या अमेरिकन चित्रपट-अभ्यासकानं इतर चित्रपट-अभ्यासकांच्या प्रॉपप्रेमावर १९८०च्या दशकात याच दिशेनं आक्षेप घेतला होता. तुमच्या तक्त्यातली ‘शोले’ची नावं पुसून दुसऱ्या कुठल्याही सूडपटाची घातली आणि एकही शब्द बदलावा लागला नाही, तर समजा की आक्षेप तुमच्या निबंधालाही लागू आहे.

पुन्हा लिहिताना पानांची वाटणी अशी करा. तेरा वाक्यं अर्ध्या पानात. कार्यांची नावं एका पानात, रिकाम्या जागांसकट. उरलेल्या जागेपैकी बराचसा भाग तीनच ठिकाणांना द्या: होळीतली न उचललेली बंदूक, नाणं आणि दोन शेवट. प्रत्येक पात्रावर वेगळा परिच्छेद लिहू नका. परिच्छेदाचं पहिलं वाक्य पात्राच्या नावानं सुरू होत असेल तर ते क्रियापदाभोवती फिरवून लिहा. ‘ठाकूर हा…’ ऐवजी ‘बंदूक उचलली जात नाही, तेव्हा…’ असं. एवढ्यानंही यादीची सवय सुटायला लागते.